खाली जाणारी खुर्ची

कैचीचं खरं नाव सलूनच्या पाटीवरही नव्हतं. बापाच्या मागे सलून त्याच्याकडे आलं, सोबत आत्या आली आणि एक खुर्ची आली. आत्या गल्ल्यावर बसायची. खुर्चीत गिऱ्हाईक बसायचं. कैचीला बसायला जागा नव्हती, म्हणून तो दिवसभर उभा असायचा.

नवी खुर्ची घ्यायची ठरली तेव्हा त्याने जुनी खुर्ची जुन्या सामानाच्या साइटवर टाकली. खाली लिहिलं, ‘उत्तम स्थितीत. आजवर एकही तक्रार नाही.’ हे खरं होतं. तक्रार करायला गिऱ्हाइकाला मान हलवावी लागते, आणि वस्तरा गळ्याशी असताना मान कोण हलवतं?

खुर्ची एका बाईने घेतली. नोकरी सोडून ती घराच्या गॅरेजमध्ये बायकांसाठी छोटं सलून काढत होती. तिने पूर्ण पैसे भरले आणि कैचीच्या मोबाइलवर निरोप आला: ‘रक्कम आमच्याकडे जमा आहे. वस्तू पाठवा. खरेदीदाराने ती मिळाल्याचं कळवलं की रक्कम तुम्हाला मिळेल.’

“म्हणजे पैसे आलेत, पण आले नाहीत,” कैची म्हणाला.

“मधे ठेवलेत,” आत्या म्हणाली. “खुर्ची पोहोचली नाही किंवा मोडकी निघाली, तर तिचे तिला परत. नीट पोहोचली, तर तुझे तुला. शहाण्या माणसांनी काढलेली पद्धत दिसते. तुला त्रास होणारच.”

त्रास झालाच. नव्या खुर्चीचा दुकानदार उरलेले पैसे मिळाल्याशिवाय खुर्ची पाठवणार नव्हता, आणि जुनी न्यायला टेंपो मिळायला चार दिवस होते. ज्या पैशाकडे बघता येतं पण हात लावता येत नाही, तो पैसा कैचीच्या डोक्यात माशीसारखा फिरू लागला. शेवटी त्याने बाईला फोन लावला.

“ताई, एक काम करा ना. ते ‘वस्तू मिळाली’चं बटण आहे ना, ते दाबून टाका. खुर्ची निघालीच समजा.”

“पण दादा, मला अजून मिळालेली नाही.”

“मिळणारच आहे की! मी कुठे पळून चाललोय? सलून घेऊन पळता येतं का?”

ती हसली. मग तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘वस्तू हातात आल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय हे बटण दाबू नका. दाबल्यावर रक्कम परत मिळणार नाही.’ खाली तिने विचारलं होतं, ‘दादा, असं लिहिलंय. दाबू का?’

कैचीने उत्तर दिलं, ‘ते सगळ्यांनाच लिहितात.’

तिने बटण दाबलं. दाबताच साइटने विचारलं, विक्रेता कसा वाटला? खुर्ची अजून कैचीच्या सलूनमध्ये होती, तिच्यात एक पेन्शनर डोळे मिटून बसला होता, आणि बाईने कैचीला पाच तारे दिले.

पैसे आले, दुकानदाराला गेले, नवी खुर्ची आली. टेंपोही ठरल्या दिवशी आला आणि जुनी खुर्ची एक ओरखडाही न पडता गॅरेजमध्ये पोहोचली. कैचीने स्वतःची पाठ थोपटली. शब्द पाळणारा माणूस, दुसरं काय!

दोन दिवसांनी बाईचा फोन आला. आवाज अगदी हळू.

“दादा, या खुर्चीत बसवायची काही युक्ती असते का? म्हणजे चूक माझीच असेल. पण माणूस बसला की ती खाली जाते. एकदम नाही, हळूहळू. काल माझं पहिलं गिऱ्हाईक आलं. सुरुवात केली तेव्हा मी उभी होते. संपवलं तेव्हा मी गुडघ्यांवर होते.”

“शक्य नाही,” कैची म्हणाला. “आमच्याकडे ती कधी एक बोटभर खाली गेली नाही.”

“हो का? मग मलाच जमत नसेल. साइटवर तक्रार करायला गेले, तर तक्रारीचं बटणच दिसत नाही. ते म्हणतात, तुम्हीच मिळाल्याचं कळवलंत, आता रक्कम आमच्याकडे नाही. बरोबरच आहे त्यांचं. मीच दाबलं ना.”

कैचीने फोन ठेवला. “लोकांना साधी खुर्ची वापरता येत नाही,” तो म्हणाला, आणि नव्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाकडे वळला. गिऱ्हाइकाचं डोकं त्याच्या हनुवटीला लागलं.

“अरे, मला कुठे नेतोयस?” गिऱ्हाईक म्हणालं. “मघाशी आरशात माझं तोंड दिसत होतं. आता पोट दिसतंय.”

“पायाकडे बघ,” आत्या गल्ल्यावरून म्हणाली.

कैचीने खाली बघितलं. त्याचा उजवा पाय खुर्चीचा पेडल दाबत होता. कैचीने त्याला सांगितलं नव्हतं. पाय आपला आपण दर चार-सहा केसांमागे एकदा दाबत होता, जसा तो जुन्या खुर्चीपाशी वर्षानुवर्षं दाबत आला होता. जुनी खुर्ची खाली जायची, पाय तिला वर आणायचा, आणि या दोघांच्या व्यवहाराची कैचीला कधी खबरच लागली नव्हती.

“आठवडाभर गिऱ्हाइकं छताला लागतायत,” आत्या म्हणाली. “मला वाटलं नव्या खुर्चीची हौस.”

कैचीचे कान तापले. खुर्ची खराब आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढं तो शपथेवर सांगू शकला असता. पण त्याच्यासारख्यांसाठीच तर पैसे मधे ठेवतात. ज्यांना आपला माल ठाऊक असतो त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ठाऊकच नसतो त्यांच्यासाठीही. ती लाल अक्षरं खरंच सगळ्यांना लिहितात. ती पुसून घेणारा मात्र तो एकटाच निघाला होता.

त्याने साइटला फोन लावला. “मला पैसे परत मधे ठेवायचेत,” तो म्हणाला.

पलीकडची मुलगी गोंधळली. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. “सर, व्यवहार बंद झालाय. तुम्ही थेट त्यांना पाठवू शकता. त्यात आम्ही नसू.”

थेट पाठवायला पैसे हवेत. ते नव्या खुर्चीत बसले होते. आत्याने कपाटातून पाकीट काढलं.

“तुझ्या लग्नासाठी ठेवले होते. पण लाज असेल तर लग्न कधीही होईल. धर.”

गॅरेजमध्ये आरसा नवा होता, टॉवेल घडी करून ठेवले होते आणि मधोमध त्याच्या बापाची खुर्ची होती. बाईच्या दोन्ही गुडघ्यांवर धूळ होती. कैचीने वाटेत खात्यात भरलेले पाकिटातले पैसे तिच्यासमोरच पाठवले.

“पूर्ण?” ती मोबाइल बघत म्हणाली. “आणि खुर्ची अजून इथेच? दादा, आधी खुर्ची तरी न्या. मी पैसे ठेवून घेतले आणि खुर्चीही दिली नाही तर?”

“मग माझी चूक फिटली म्हणायची,” कैची म्हणाला. “ताई, तुम्हाला सगळं जमत होतं. खुर्चीच बिघडलेली होती. आणि ते बटण मी दाबायला लावलं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “उद्या दोघींना वेळ दिलाय. त्यांना आता काय सांगू?”

याचं उत्तर पाकिटात नव्हतं. खुर्ची परत न्यायला बोलावलेल्या टेंपोवाल्याला यायला अवकाश होता. “बसा तरी,” ती म्हणाली. गॅरेजमध्ये बसायला एकच जागा होती.

कैची बसला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं. धरणी काही ते ऐकत नाही. खुर्चीने ऐकलं. ती सुईसुई आवाज करत, घाई न करता खाली निघाली. पेडल पायाजवळच होता. कैचीने दोन्ही पाय वर उचलून धरले आणि ती तळाला टेकेपर्यंत तो तसाच बसून राहिला.