वेगाची सरळ रेघ

अपघातात मनगट मोडल्यापासून साधना टीमकडून कॉम्प्युटर गेम खेळताना सारखी हरत होती. ऊर्जानगरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नबीलभाऊने तिला तिच्याच लॅपटॉपवर खेळायला बसवलं आणि आलेख दाखवला. तापमान सत्त्याण्णव अंशांवर गेलं, की प्रोसेसरचा वेग चारवरून दीड गिगाहर्ट्‌झवर कोसळत होता.

“जळू नये म्हणून तो स्वतःच मंद होते. मंग चित्र अडकते.”

“म्हणजे माह्या हाताची चूक नाई!” कित्येक महिन्यांनी ती हसली.

नबीलने पंख्यात साचलेली वीजकेंद्राची राख काढली, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. ती पुन्हा खेळली. तापमान ऐंशीवर थांबलं, वेगाची रेघ सरळ राहिली, चित्र कुठंच अडकलं नाही. तरीही तिचं बोट प्रत्येक वेळी उशिराच पडलं.

साधनाने टीमच्या कॅप्टनला फोन लावला.

“माह्या जागी दुसऱ्याले घ्या.”