दुकानातली विक्री

चवदार तळ्याच्या वाटेवर माझा गाळा आहे. भजीवाल्या कमलाकरने तो भाड्याने मागितला तेव्हा यजमान म्हणाले, "महिन्याचे साठ रुपये बांधून घे." मी कुठली ऐकतेय! मार्चमध्ये तळ्यावर माणसांचा पूर येतो. म्हणून कागदावर लिहून घेतलं, भाडं नको, दुकानातल्या विक्रीत रुपयामागे दहा पैसे. एरवी महिन्याला चाळीसही सुटेनात, पण मी मार्चकडे डोळे लावून बसले.

मार्च आला. मेल्याने गाळ्याला कुलूप घातलं आणि समोर रस्त्यावर भजी तळायला बसला. माणसांची झुंबड उडाली.

मी वाटा मागितला, तर म्हणतो, "काकू, कागदावर दुकानातली विक्री आहे. ही रस्त्यावरची."

भज्यांची परात ज्या बाकड्यावर होती, ते आदल्या दिवशी मीच दिलं होतं, विक्री वाढावी म्हणून.