भाऊजींची एकच किल्ली

लॅबच्या संगणकावर वहिनींनी तिसऱ्यांदा कोड ओढून घ्यायचा आदेश दिला आणि तिसऱ्यांदा पडदा ढिम्म बसून राहिला. शेवटी एक ओळ उमटली: कनेक्शन टाइम आउट.

एका रक्ततपासणीचं एकक रिपोर्टवर चुकीचं छापलं जात होतं. दुरुस्ती सकाळीच रिपॉझिटरीत, फर्मच्या कोडच्या ऑनलाइन कोठारात, गेली होती. दरतासाच्या अपडेटने ती आपोआप आली नव्हती, म्हणून हाताने इथे उतरवायची, मग तीनला रिपोर्ट छापायचे, एवढंच काम होतं.

लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवणारी ही फर्म दोन भावांची. थोरला गिऱ्हाइकं सांभाळतो, धाकटा कोड. वहिनी थोरल्याची बायको. आधी प्रोग्रामर झाले, मग वहिनी, हा क्रम त्या न विचारता सांगतात. येत्या सोमवारपासून सगळ्या लॅबच्या सर्व्हरची जबाबदारी रीतसर धाकट्याच्या हाती यायची होती. सहा वर्षं वाट पाहिली होती त्याने. व्हिजिटिंग कार्डाचा नमुना तर तीनदा बदलून झाला होता.

"बावीस नंबरचा पोर्ट बंद केलाय," लॅबचे नेटवर्कवाले म्हणाले. "मागच्या आठवड्यात. वरून हुकूम. वेबसाइटांचा चारशे त्रेचाळीस चालू आहे, बाकी विचारू नका."

वहिनींनी फोन लावला. "भाऊजी, इथे एसएसएच जात नाही, बावीस बंद केलाय. किल्लीऐवजी वेबच्या रस्त्याने, एचटीटीपीएसवरून टोकन वापरते."

"टोकन? वहिनी, ते तीन महिन्यांनी मरतं. तेव्हा कोण लक्षात ठेवणार? एसएसएच किल्ली एकदा ठेवली की जन्माची निश्चिंती. त्यांना पोर्ट उघडायला सांगा."

"त्यांना वरून हुकूम आहे, माझं ऐकतील?"

भाऊजी कुरकुरत राहिले. वहिनींनी आपल्या खात्यातून टोकन, म्हणजे मुदतीचा पासवर्ड, काढलं. फक्त याच लॅबची रिपॉझिटरी, फक्त वाचायची परवानगी, नव्वद दिवस. ते रिपॉझिटरीच्या पत्त्यात चिकटवलं नाही, कारण तिथे ते फाइलमध्ये उघडं पडून राहतं. संगणकाच्या पासवर्डच्या तिजोरीत ठेवलं, कोड जिथून येतो तो पत्ता बदलला, आणि दुरुस्ती दोन सेकंदांत उतरली. नेटवर्कवाल्यांनी मुदतीची तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये घातली. असली माणसं तारीख सोडत नाहीत.

निघण्याआधी जुनी किल्ली काढून टाकावी म्हणून वहिनींनी किल्लीच्या फाइलींचा फोल्डर उघडला. खासगी किल्लीशेजारी असलेल्या तिच्या सार्वजनिक जोडीच्या ओळीअखेर नाव होतं भाऊजींच्या लॅपटॉपचं. खासगी किल्लीला सांकेतिक शब्दही नव्हता. ज्या खात्यातून लॅबचे सगळे काम करतात, त्याचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. म्हणजे इथे बसणाऱ्या कुणालाही भाऊजी बनून फर्मच्या चौदाही लॅबच्या कोडमध्ये हवं ते लिहिता आलं असतं.

वहिनी कॉरिडॉरमध्ये गेल्या. "भाऊजी, ही तुमची स्वतःची किल्ली आहे."

"घाई होती तेव्हा. नवीन करायची म्हणजे ती परत नोंदवा..."

"आणखी कुठे ठेवलीय?"

"जिथे घाई होती तिथे."

"म्हणजे कुठे?"

"वहिनी, दादाला सांगू नका. सोमवार आहे." मग हलक्या आवाजात, "खरंच आठवत नाही. किल्लीच्या पानावर शेवटची कधी वापरली तेवढंच दिसतं, कुठून ते नाही."

नाही म्हणणं सोपं होतं, हो म्हणणंही. वहिनींनी नुसतं, "मी येते," म्हटलं.

त्या ऑफिसात पोचल्या तेव्हा भाऊजी स्वतःच्या खात्याचं पान उघडून बसले होते. माउसचा बाण काढून टाकायच्या बटणावर.

"ही उडवली की जिथेजिथे आहे तिथे दरतासाचं अपडेट अडेल," ते म्हणाले. "पडद्यावर लाल पट्टी येईल. रिपोर्ट चालूच राहतील, पण फोन करतील. जो फोन करेल, तिथे माझी किल्ली. दुसरा मार्ग सुचत नाही."

"आणि दादा?"

"तो फोन उचलतो ना, त्याला कळेलच. आधीच सांगतो." त्यांनी बटण दाबलं, उठले, आणि आतल्या खोलीत गेले.

दार बंद होतं, तरी थोरल्याचा आवाज बाहेर येत होता. "अकलेचे दिवे! आणि हे सोमवारनंतर सांगितलं असतंस तर?"

"म्हणून आज सांगतोय."

पहिला फोन वीस मिनिटांनी आला. संध्याकाळपर्यंत अकरा. वहिनी एकेका लॅबचं नाव लिहीत होत्या. भाऊजी दूरवरून त्या-त्या संगणकावर शिरून नवी किल्ली बनवत होते, तिथलीच, फक्त त्याच रिपॉझिटरीवर नोंदवलेली, फक्त वाचणारी. एका ठिकाणी बावीस बंद निघाला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"वहिनी, ते टोकन कसं काढलंत, दाखवा."

थोरला दारात उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक.

"अकराच ना?" तो म्हणाला. "चौदापैकी एक आज झाली. उरल्या दोघांनी फोन का केला नाही, ते उद्या तू जाऊन बघ. सोमवारचं मग ठरवू."

भाऊजींनी होकार दिला आणि नव्या टोकनच्या मुदतीची तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाकली.