ओट्याची उंची

अहमदाबादच्या त्या आर्किटेक्चर कॉलेजात पहिल्या वर्षाला पहिलं काम ठरलेलं होतं. आपल्या घरातलं स्वयंपाकघर आठवणीतून मापात काढायचं आणि त्याबद्दल एक पान लिहायचं. ऐकायला अगदी सोपं. दरवर्षी अर्धा वर्ग त्यात तोंडघशी पडायचा, कारण घर सगळ्यांना आठवतं आणि माप कुणाच्या बापाला आठवत नाही.

कृपाली गोहिलने सुरतचं घर काढलं नाही. सुरतेत ती वडिलांबरोबर राहायची, पण तिथलं स्वयंपाकघर म्हणजे एक शेगडी आणि बाहेरून येणारा डबा. तिने काढलं ते महुव्याच्या जुन्या घरातलं. ती आठ वर्षांची असताना आई गेली, त्याच वर्षी वडिलांनी घर विकलं आणि ते सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यात लागले. आईचा आवाज कसा होता हे आताशा तिला नीट आठवत नसे आणि त्याचं तिला भय वाटे. पण ओट्याशी पाठमोरी उभी असलेली मम्मी मात्र लख्ख आठवायची. उंच, ताठ, हातात लाटणं. कागदावर ते घर काढता काढता कृपाली त्यात राहायलाच गेली होती. हॉस्टेलवरची वर्गमैत्रीण जिनल जेवायला हाका मारून थकायची.

तपासणीच्या दिवशी सगळ्यांचे कागद भिंतीवर टाचले होते. वसावडासर चष्मा कपाळावर चढवून एकेकासमोर थांबत होते. माणूस बारीक चणीचा, पण जीभ वीतभर. कृपालीच्या कागदासमोर ते जरा जास्तच वेळ थांबले, तेव्हा तिला वाटलं, आवडलं.

"हे स्वयंपाकघर कुणाचं गं बेन, राक्षसाचं?"

वर्ग हसला.

"ओटा साडेतीन फूट उंच. इथे रोटली लाटायची तर आधी शिडी आणा. आणि ही खिडकी! हिच्यातून बाहेर कोण बघणार, उंट?" त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि ओट्यावर सरळ काट मारली. दुसरी खिडकीवर. मग लिखाणाचं पान वाचायला घेतलं. "'मायेचा दरवळ', 'उबदार कोपरा', 'प्रेमाने भरलेले डबे'. अगं, डब्यात पीठ भरतात! ते कुठे ठेवलंय? पाणी कुठे? पिठाचा हात पुसायचा कुठे? एवढ्या मोठ्या खोलीत काम करणारं माणूसच नाही. भक्तीने काढलंस, डोळे मिटून. हे चालणार नाही."

कृपालीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. सर, माझी आई नाहीये. एवढंच म्हणायचा अवकाश, वर्ग चिडीचूप झाला असता आणि सरांचा चेहरा उतरला असता. जिनल मागून कोपर मारत होती, बोल ना, बोल.

"सर," कृपाली म्हणाली. ते वाक्य तिने गिळलं. "यात सगळ्यात जास्त काय चुकलंय?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. अशा वेळी मुलं एक तर भांडतात, नाही तर रडतात. हा प्रश्न त्यांना नवा असावा.

"उंची," ते म्हणाले. "बाकीचं सगळं तिच्यामागून चुकलंय. घर उभं आहे ना अजून? मग टेप घे, जा, मोज. आणि काम करणारं माणूस काढ. दुसरा खर्डा पुढच्या सोमवारी."

कँटीनमध्ये जिनल तिच्यावरच उखडली. "तू पण ना! एक शब्द बोलली असतीस तर म्हाताऱ्याने माफी मागितली असती."

"मागितली असती."

"मग?"

राग तिलाही आला होता, थोडाथोडका नाही. तिच्या मम्मीच्या ओट्यावर त्या माणसाने लाल काट मारली होती. मग तिने पिशवीतली टेप काढली, भिंतीला लावली आणि साडेतीन फुटांवर हात धरला. हात छातीशी आला. तिने पोळपाट असल्यासारखे दोन्ही हात तिथे ठेवून पाहिले. खांदे कानांना लागले. असं कुणी लाटूच शकत नव्हतं, मम्मीसुद्धा नाही. वसावडासर मम्मीला काहीच बोलले नव्हते. ते ओट्याला बोलले होते, आणि ओटा चूक होता.

शनिवारी ती एसटीने महुव्याला गेली. घर विकत घेतलेल्या हंसाबेनने दार उघडून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुणाची गं तू?"

"जयश्रीबेनची मुलगी. आम्ही इथे राहायचो. मला फक्त स्वयंपाकघर मोजायचंय, मासी."

"मोजायचंय? विकत घेतेस की काय परत?" हंसाबेन हसली आणि बाजूला झाली. "ये, ये. हा बघ तुमचा ओटा. एवढासा ठेंगणा! कंबर मोडते माझी. यंदा फोडून नवा बांधणार आहे."

कृपाली दारातच थांबली. खोली केवढीशी होती! दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं. खिडकीतून सरळ समोर बघितलं तर अंगणातली नारळाची झाडं दिसत होती, टाच उचलावी लागली नाही. तिने टेप लावली. ओटा अडीच फूट भरला, त्याच्यावर सूतभरही नाही. लाटल्यासारखे हात ठेवायला तिला वाकावं लागलं.

तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. "पप्पा, आपला ओटा इतका खाली का?"

"तुझ्या आईच्या मापाचा आहे तो," वडील म्हणाले. मागे कारखान्याची घरघर ऐकू येत होती. "मिस्त्रीने तिला भिंतीशी उभं केलं, कोपर दुमडायला लावलं आणि त्याखाली पाच-सहा बोटं सोडून खूण केली. ती हसायला लागली. म्हणे, मिस्त्रीभाई, नीट बघून करा हं, मी आता काही वाढायची नाही."

"पण मम्मी तर उंच होती."

"उंच कुठली गं. माझ्या खांद्यालाही पोचत नव्हती. तू तेव्हा एवढीशी होतीस, म्हणून वाटायची."

फोन ठेवल्यावर कृपाली ओट्याला धरून रडली, अगदी हुंदके देऊन. हंसाबेनने पाण्याचा पेला आणून ठेवला. दहा वर्षं ती एका उंच बाईसाठी झुरत होती आणि ती बाई कधी नव्हतीच. होती ती एक लहानखुरी बाई, हिच्यापेक्षा चांगली टीचभर बुटकी, मिस्त्रीशी थट्टा करणारी. तिला एकदा, एकदाच, खाली वाकून मिठी मारावी असं कृपालीला इतकं वाटलं की टेप हातातून सुटून घरंगळली.

मग तिने डोळे पुसले आणि मोजायला घेतलं. पिठाचा डबा हंसाबेन ओट्याखाली डाव्या हाताला ठेवत होती, कारण तिथला कोनाडा त्याच मापाचा होता. खिडकीची चौकट एका जागी झिजून गुळगुळीत झाली होती. तिथे हात पुसायचं फडकं लटकत असे, हे तिला बोट फिरवताना आठवलं.

सोमवारी तिने नवा खर्डा टाचला. लिखाणाच्या पानावर एकही दरवळ नव्हता. पीठ कुठे, पाणी कुठे, फडकं कुठे, आणि उभं राहिलेलं माणूस न हलता कुठवर पोचतं. ओट्याशी एक बाई काढली होती, कोपर दुमडलेली.

वसावडासर वाकून बघत राहिले. "फडकं छान," ते म्हणाले. "ओटाही बरोबर. पण ही बाई? फार बुटकी काढलीस. नीट बघितलंस का?"

"बघितलंय, सर. ओटा तिच्या कोपरावरून बांधलाय. मी कोपरावरून ती काढली."

सरांनी पट्टी लावून पाहिली, मान डोलावली आणि पेन्सिल खिशात ठेवली. "कोण या?"

"माझी मम्मी."

"वा! मग प्रदर्शनाला घेऊन ये त्यांना. या चित्राशेजारी उभं करू."

वर्गात जिनलने डोळे मिटून घेतले.

"ती नाहीये, सर. मी आठ वर्षांची असताना गेली."

सरांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. ते हळू आवाजात म्हणाले, "बेटा, हे त्या दिवशी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चित्र चांगलं आहे म्हणाला असतात," कृपाली म्हणाली. "आणि मी तिला आयुष्यभर उंचच समजत राहिले असते."