२४१ ते २९७: फक्त मथळे

सादरीकरणात एकूण ३८६ स्लाइड्स होत्या. एकतीस गावांतल्या हातपंपांच्या पाण्याचं चार वर्षांचं काम, आणि शेवटी आभाराच्या चार. या सगळ्याचा दोन पानी सारांश सोमवारी समितीकडे जायचा होता. फ्लोराइड काढणारी यंत्रं यंदा कोणत्या गावांत बसवायची ते समिती या दोन पानांवरून ठरवणार होती. उरलेल्या गावांना पुढचा टप्पा, आणि त्याची तारीख कुणालाच माहीत नव्हती.

शनिवारी दुपारी नागपुरात धरमपेठेतल्या ऑफिसात दामिनी एकटी होती. बाकीचे सगळे कामठीला, ऑफिसचे प्रमुख संजीव सर यांच्या पुतण्याच्या लग्नाला गेले होते. "मी थांबते," असं तिनंच म्हटलं होतं. कुणी आग्रह केला नव्हता.

ऑफिसातला एआय एवढं मोठं सादरीकरण एका वेळी नीट वाचत नसे, म्हणून तिनं चाळीस-चाळीस स्लाइड्सचे दहा भाग केले. प्रत्येक भागाचा सारांश मागितला आणि त्याखाली टीप: काय पूर्ण वाचलं, काय वरवर पाहिलं. आठ भागांच्या टिपांत विशेष काही नव्हतं. सातव्याखाली आलं, "२४१ ते २८०: हाताने भरलेल्या तक्त्यांचे फोटो. आकडे वाचता आले नाहीत, फक्त मथळे घेतले." आठव्याखाली तेच, २९७ पर्यंत.

मग तिनं दहा सारांश एकत्र करून त्यांचा एक करायला सांगितलं. आलेलं लिखाण सुरेख होतं. "सर्व एकतीस गावांच्या नोंदींचा आढावा घेतला," अशी सुरुवात. हे चांगलं जमलंय असं कुणाला तरी सांगावं म्हणून तिनं मान वर केली. समोर पाच रिकाम्या खुर्च्या होत्या.

पाठवण्याआधी तिनं प्रत्येक वाक्यासमोर त्याच्या स्लाइड्सचे नंबर मांडून पाहिले. पूर्ण वाचलेल्या भरल्या ३२९. सत्तावन्न कमी. भाग जोडताना निष्कर्ष पुढं गेले होते, टिपा मागंच राहिल्या होत्या.

तिनं सरांना फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"झालं का वं?"

"सर, सत्तावन्न स्लाइड्सचे आकडे वाचलेच गेले नाहीत. तशी ओळ टाकते खाली."

"काहून? मथळ्यात गावाची सरासरी लिहेल हाये ना?"

"सरासरी आहे. एकेका पंपाचा आकडा नाही."

"मंग सरासरी घे ना! आमी वाचलं नाई, असं कोनी लिहून देते का? समितीवाले हसतीन. बरं, जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. जेवली नव्हती.

फोन ठेवून तिनं २४१ उघडली आणि फोटो मोठे करून एकेक आकडा स्वतः वाचायला घेतला. अंधार पडेपर्यंत छप्पन्न झाल्या.

उरली २८८. सावनेरच्या पुढची डोहवाडी, सहा पंप, मथळ्यात फ्लोराइडची सरासरी ०.९. पाच पंपांचे आकडे स्पष्ट होते: ०.५, ०.६, ०.५, ०.६, ०.६. सहाव्यावर शाई पसरली होती. तिनं कागदावर मांडलं. सहा पंपांची बेरीज साधारण ५.४, पाचांची २.८. सरासरी एका दशांश स्थळापर्यंतच लिहिलेली, म्हणजे सहावा २.३ ते २.९ च्या मध्ये कुठंतरी. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा १.५.

सारांशाखाली तिनं लिहिलं, "स्लाइड २८८, डोहवाडी, पंप सहा: आकडा वाचता आला नाही. गणितानुसार मर्यादेबाहेर असण्याची शक्यता. पुन्हा मोजावे." मग ती ओळ सरांना पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या; सरांनी ती वाचली होती.

रविवारी सकाळी ती प्लास्टिकची बाटली घेऊन डोहवाडीच्या एसटीत बसली. सहावा पंप गावाबाहेर, एका एकट्या घरासमोर होता. त्या घरच्या सुभद्राबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"कोनाकडची वं तू?"

"पाणी तपासायला आले, मावशी. या पंपाचं कोण कोण पितं?"

"मीच. दुसरं कोन हाये? गावातले तिकडचं भरतात." त्यांनी स्वतःच दांडा धरला. "भर, मी हापसतो. चार सालापयले एक पोरगा आलता बाटली घेऊन. मंग कोनी काई सांगाले आलंच नाई. चांगलं हाये का पानी?"

"मोजून सांगते."

"सांगजो बरं. चहा घेऊन जाय. बस जराशी, बोलाले तं कोनी नसते अठी."

दामिनी बसली. समोरच्या तांदळातले खडे तीही निवडू लागली.

संध्याकाळी ऑफिसच्या प्रयोगशाळेत तिनं फ्लोराइडचं प्रमाण एक आणि दहा असलेल्या प्रमाणित द्रावणांवर मीटर जुळवून घेतला, नमुन्यात बफर द्रावण मिसळलं, इलेक्ट्रोड बुडवला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. तीनदा मोजलं: २.७, २.७, २.६ मिलिग्रॅम प्रति लिटर. सारांशाखालच्या ओळीतलं 'पुन्हा मोजावे' खोडून तिनं तिथं आकडा लिहिला.