किचनची अठरा तिकिटं

ट्रॉयच्या मराठी मंडळाचा खजिनदार मी हौसेने झालो नाही. २००५ सालच्या दिवाळी संमेलनात सहाशे डॉलरचा खड्डा पडला, तेव्हा मंडळाच्या सभेत उठून मी हिशेब कसा ठेवावा यावर अर्धा तास बोललो. खाली बसलो तो खजिनदार होऊनच. अध्यक्ष राजीव सबनीस यांनी पावत्यांनी भरलेला बुटांचा खोका माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, आता तू बघ. माझं तोंड मला असं नेहमीच नडतं.

पुढच्या वर्षीचं बजेट मी एक्सेलमध्ये मांडलं. शाळेचं ऑडिटोरियम तासावर मिळतं. कॅफेटेरिया आणि किचनचं भाडं वेगळं, सफाईवाल्याचा शनिवारचा ओव्हरटाइम वेगळा. किचन वापरायचं तर शाळेची एक बाई तिथे हजर हवीच, तिचे तासही आपल्याच माथी. वर विमा. सगळं धरून एकोणतीसशे. शिकागोहून येणाऱ्या गायिकेचं मानधन आणि प्रवास दोन हजार. नाटकाचा सेट, लाइट, माइक आणि कागदी थाळ्या मिळून साडेनऊशे. राहिलं जेवण, ते एकोणीसशेत, म्हणजे माणशी साधारण साडेचार डॉलर. बाहेरच्या केटररने दहाच्या खाली बात केली नसती. हे साडेचार जमतात कारण आमच्याकडे स्वयंपाकाला मजुरी नाही. शरयू काकू आणि त्यांची सतरा माणसं दर वर्षी चारशे लोकांचं रांधतात.

एकूण खर्च सत्याहत्तरशे पन्नास. हॉलमध्ये खुर्च्या चारशे, त्यांत एकही जास्त नाही. मोठ्यांचं तिकीट वीस डॉलर, मुलांचं आणि विद्यार्थ्यांचं बारा. सगळी तिकिटं खपली आणि दोनशेच्या जाहिराती धरल्या, तरी साडेतीनशे कमी पडत होते.

राजीव म्हणाले, ‘‘अरे, किचनची अठरा तिकिटं कुठे धरलीस?’’

तेव्हा मला ही गंमत कळली. आमच्या मंडळात स्वयंपाक करणाराही तिकीट काढतो. हा नियम खुद्द शरयू काकूंनीच १९८७ साली घातला. मंडळ सगळ्यांचं आहे, इथे फुकट कुणी जेवणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. पण ही अठरा माणसं कार्यक्रमाच्या वेळी किचनमध्येच असतात, खुर्चीवर बसत नाहीत. म्हणून चारशे खुर्च्यांवर चारशे अठरा तिकिटं विकायची, हा खजिनदारांचा जुना रिवाज. अठरा विसे तीनशे साठ. माझं बजेट दहा डॉलर शिलकीत आलं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

खुशीच्या भरात मी आणखी एक शहाणपणा केला. आजवर हॉलमध्ये येईल त्याने बसावं अशी पद्धत होती, आणि पर्स, शाली टाकून जागा धरण्यावरून दर वर्षी भांडणं व्हायची. मी तिकिटांवर खुर्चीचे नंबर छापले. किचनच्या अठरा तिकिटांवर नंबराच्या जागी नुसती रेघ मारली.

संमेलनाच्या आठ दिवस आधी मी तिकिटं पोचवायला शरयू काकूंकडे गेलो. घरभर खोकी होती. त्यांनी घर विकलं होतं. डिसेंबरात दोघं नवराबायको दूर कॅरी गावी मुलाजवळ राहायला जाणार होती, म्हणजे त्यांचं हे इथलं शेवटचं संमेलन. काकूंचे यजमान मनोहर काका तळघरात नाटकातले आपले संवाद मोठमोठ्याने म्हणत होते. मंडळाच्या नाटकात काका नाहीत असं एकोणीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. माणूस खरंच चांगलं काम करतो. फक्त एक सवय विचित्र. पडदा पडताना सगळे नट प्रेक्षकांना नमस्कार करतात, काका आधी डावीकडच्या भिंतीकडे वळून कमरेत वाकून नमस्कार करतात आणि मग आमच्याकडे बघतात. तिकडे पूर्व असेल, असं म्हणून आम्ही मागे हसायचो.

काकूंनी चष्मा लावून तिकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं.

‘‘प्रसाद, माझी खुर्ची कुठली रे?’’

मी हसत म्हणालो, की तुमची खुर्ची किचनमध्ये. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

‘‘एकोणीस वर्षं तिकीट काढतेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरी रिहर्सलला ह्यांच्या समोरचे सगळे रोल मीच करते. पण ह्यांना स्टेजवर कधी पाहिलेलं नाही. नाटक चालू असतं तेव्हा मी पुऱ्या तळते. भिंतीतून टाळ्या तेवढ्या ऐकू येतात. यंदा शेवटचं आहे, तर म्हटलं एकदा बसून बघावं. मला वाटलं होतं, माझी एक खुर्ची रिकामी असेल तिथे.’’

त्यांची खुर्ची मी विकली होती. माझ्या आधीच्यांनीही ती दर वर्षी विकली होती, आणि त्या मात्र इतकी वर्षं समजत होत्या की ती आत आपली वाट बघत उभी आहे. मला माझी लाज वाटली, साधीसुधी नाही, कान तापण्याइतकी.

‘‘ह्यांना बोलू नकोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी समोर बसणार म्हटलं तर घाबरतील.’’

त्याच संध्याकाळी मी शाळेत फोन लावला. जादा खुर्ची ठेवता येणार नाही, आगीच्या नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. तीन ओळखीच्या घरांना तिकीट परत देता का विचारलं. एकानेही दिलं नाही, उलट एकाने त्यालाच आणखी दोन हवीत म्हणून सांगितलं. राजीव म्हणाले की एवढं मनाला लावून घेऊ नकोस, त्यांना दारापाशी उभं राहू दे. साठीची बाई, पहाटेपासून ओट्याशी उभी राहणार, तिने नाटकही उभ्यानेच बघायचं. मी फोनवरच त्यांना नको ते बोललो आणि नंतर माफी मागितली.

घरी बायकोने, संध्याने, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘तुझी आहे ना सी-चौदा. तू पुऱ्या तळ.’’

पुऱ्या तळणं हे काही खाऊ नाही. पाहुणे आत बसले की पीठ मळायचं आणि नाटक अर्ध्यावर आलं की तळायला घ्यायचं, तरच बाराशे पुऱ्या पानात गरम पडतात. विकतच्या पोळ्या आणायचा विचारही मी केला होता, पण त्याचे चारशे डॉलर वाढत होते आणि माझ्याजवळ होते दहा. मग काकूंनी मला आपल्या गॅरेजमध्ये तीन संध्याकाळी शिकवलं. पीठ घट्ट हवं. तेलात पिठाची गोळी टाकली की लगेच वर आली पाहिजे. पुरी झाऱ्याने दाबायची, पण हलक्या हाताने. पहिल्या दिवशीच्या माझ्या पुऱ्या पापडासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशी दहातल्या सात फुगल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, चालेल, बाकीच्या मुलांना वाढ.

संमेलनाच्या दिवशी गाणं झालं, मध्यंतर झालं, आणि नाटकाची तिसरी घंटा व्हायच्या आधी मी काकूंचा ॲप्रन घेतला. त्यांनी हात धुतले, किचनच्या बाथरूममध्ये जाऊन साडी बदलली. हिरवी पैठणी होती. एरवी त्या जुन्या सुती साडीतच येतात आणि जातात. संध्या त्यांना हाताला धरून घेऊन गेली.

मग पुढचा सव्वा तास मला कशाचंच भान नव्हतं. सात जण लाटत होते, मी आणि काकूंच्या माणसांतला जगन्नाथ दोन कढयांवर तळत होतो. शाळेची बाई आग विझवायचं नळकांडं हाताशी घेऊन आमच्या मागेच उभी होती. चटके बसले, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. पलीकडून काही शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. मधेच हशा यायचा आणि आमच्यातलं कुणीतरी विचारायचं, काय झालं असेल? उत्तर कुणालाच माहीत नसायचं. मी सगळी वर्षं त्या हशात बसलेला होतो आणि भिंतीच्या अलीकडे कुणी असा प्रश्न विचारत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पुढच्या वर्षी तिकीट एक डॉलरने वाढवायचं आणि किचनच्या अठरा खुर्च्या मोकळ्या ठेवायच्या, पाळीपाळीने बसायचं, हे मी त्या कढईपाशीच ठरवलं. राजीवना काय वाटायचं ते वाटो.

शेवटी टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या. जगन्नाथ म्हणाला, काकांनी तोडलंन वाटतं.

पाच मिनिटांत काकू आत आल्या. डोळे लाल होते. पैठणीवरच त्यांनी दुसरा ॲप्रन बांधला आणि माझ्या हातातला झारा घ्यायला लागल्या. मी दिला नाही. कसं झालं ते विचारलं.

‘‘छान झालं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन वाक्यं गाळली, कुणाला कळलं नाही.’’

मग त्यांनी हॉलच्या बाजूच्या भिंतीकडे हात केला.

‘‘पडदा पडताना ते लोकांकडे बघतच नाहीत रे. आधी ह्या भिंतीकडे वळले. इकडे, किचनकडे. अगदी वाकून नमस्कार केला. मी समोर सी-चौदावर बसलेय, आणि ते नमस्कार करतायत इथे.’’ त्यांनी पदराने डोळे पुसले. ‘‘संध्या म्हणाली, दर वर्षी करतात. एकोणीस वर्षांत मला एकदाही सांगितलं नाही त्यांनी.’’

पूर्व म्हणून हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

‘‘यंदाचा तुला मिळाला,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आता ती पुरी काढ, करपतेय.’’

मी पुरी काढली आणि पुढची सोडली. बाहेर कॅफेटेरियात लोक थाळ्या घेऊन रांगेत उभे राहायला लागले होते.