जास्तीची उष्णता

हायड्रोजनपुढे सगळे समान, हे तळोज्याच्या कारखान्यातलं सनातन सत्य आहे. वायू सुरू झाला की मॅनेजर हरेशसर तेवढे केबिनमध्ये जाऊन बसतात. बाकीचे सगळे रिअ‍ॅक्टरपाशी समान उभे.

सबिहाची प्रयोगशाळेतली नोकरी पक्की व्हायला याच हरेशसरांची सही बाकी होती. आणि शुक्रवारी दुपारी तिच्या उष्णता मोजणाऱ्या कॅलरीमीटरने नव्या कच्च्या मालाबद्दल वाईट बातमी दिली.

माल म्हणजे सहा कार्बनचं कडं, त्यात एक दुहेरी बंध, बंधाच्या दोन्ही टोकांना एकेक मिथाइल. प्लॅटिनमवर हायड्रोजन दिला की त्याचे दोन्ही अणू धातूच्या पृष्ठभागावरून, एकाच बाजूने चढतात. मिथाइल बिचारे दोघेही दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. हा झाला 'सिस'. ग्राहकाला सिसच हवा होता. करारात तसं ठळक लिहिलं होतं.

वजन जुन्या मालाइतकंच घेतलं होतं, हायड्रोजनही तितकाच गेला. उष्णता मात्र जास्त निघाली. दरवेळी.

"मशीन बिघडलं असंल," हरेशसर म्हणाले.

"जुना माल परत लावून बघितला सर. त्याचा जुनाच आकडा आला."

"आनि जास्त गरम म्हंजे जास्त दम. चांगलंच हाय ना?"

"उलट आहे. दुहेरी बंधाचा रेणू जितका अस्थिर, तितकी उष्णता जास्त. यातला दुहेरी बंध कड्याबाहेर सरकलाय, असं वाटतंय. तसं असेल तर हायड्रोजन एकाच बाजूने चढूनही उपयोग नाही. एक मिथाइल आधीच ठरलेल्या बाजूला बसलेला. दुसरा त्याच्या बाजूला जाईल किंवा उलट्या, म्हणजे ट्रान्स. सिसमध्ये ट्रान्स मिसळणार."

"गॅस क्रोमॅटोग्राफ काय म्हनतो?"

"भेसळ वेगळी करून दाखवणारं तेवढं एकच मशीन, आणि तेच बंद आहे. इंजिनिअर सोमवारी येतोय."

"बॅच आज हाय. आनि माल माझ्या साडूचा हाय."

साडू नात्याने स्थिर असेल, असं सबिहाच्या मनात आलं. ओठांवर आलं नाही, कारण सही अजून व्हायची होती.

केबिनच्या दारात ऑपरेटर कान्हा उभा. "म्याडम, वाल्व खोलू का?"

हरेशसर तिच्याकडे बघत होते. घरी अब्बांनी शेजाऱ्यांना 'मुलगी परमनंट झाली' असं आधीच सांगून टाकलेलं.

"नको कान्हादादा," ती म्हणाली. "ही बॅच मी सुरू होऊ देणार नाही."

हरेशसरांनी ग्राहकाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे शिव्या दोघांनी वाटून घ्याव्यात. उशीर होईल, सिसची खात्री नाही, आमच्या केमिस्टनी अडवलंय, सगळं सांगून टाकलं.

पलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला, "सिस-ट्रान्स कसलं? ते जुन्या करारातून कॉपी झालं असेल. आम्ही तुमच्या मालाने टाक्या धुतो."